fjBn म्हणजे रिठद

`fjBn` ही चार अक्षरं म्हणजे माझं गाव. उच्चारायच्या भानगडीत पडू नका. `f` म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, `j` म्हणजे र, `B` म्हणजे ठ आणि `n` म्हणजे द. वाशिम जिल्ह्यातलं रिठद. कॉम्प्युटरवर कृती देव नावाचा फॉन्ट असेल तर हे गाव दिसतं, नसेल तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. सर्च इंजिनकडे तो फॉन्ट कधीच नव्हता. त्यामुळे 'रिठद' असं शोधणाऱ्याला ही पानं सापडत नाहीत आणि `fjBn` असं कोणी शोधत नाही.

मी ती पानं शोधत होतो, कारण माझे काका एका तालुका साप्ताहिकाचे वार्ताहर होते. साप्ताहिक बंद पडलं, काकाही गेले आणि घरातल्या अंकांचे गठ्ठे वाळवीने खाल्ले. पण त्या साप्ताहिकाची दोन-तीन वर्षं एक वेबसाइट होती. तिची दीडशेच्या आसपास पानं 'वेबॅक मशीन'ने, म्हणजे इंटरनेट अर्काइव्हच्या जुन्या पानांच्या साठ्याने, जपून ठेवली आहेत. काकूला हे सांगितलं तर ती म्हणाली, "पाह्य ना बाप्पा, त्यायचं काही भेटते का तिथं." भेटत होतं. फक्त वाचता येत नव्हतं.

आज मोबाइलवर मराठी जशी सहज उमटते तशी तेव्हा का उमटत नव्हती? मानक नव्हतं म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. तो चूक आहे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक १९८८ मध्ये आलं आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ते IS 13194 या क्रमांकाने स्वीकारलं. त्याच १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी १९८८च्या इस्कीवरूनच घेतलेली होती. म्हणजे देशात मराठी वेबसाइट सुरू होण्याच्या कितीतरी आधी मराठी अक्षरांना क्रमांक मिळालेले होते.

अडलं होतं ते पुढच्या पायरीवर. 'र', 'ठ', वेलांटी असे क्रमांक फाइलमध्ये साठवले, तरी वेलांटी डावीकडे नेणं, रफार वर चढवणं, जोडाक्षर बांधणं हे काम कोणीतरी करावं लागतं. विंडोज ९८ला देवनागरीपुरतं ते येत नव्हतं. विंडोज २०००ला येऊ लागलं. एक्सपीवरही बहुतेक ठिकाणी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक खूण करावी लागे आणि मग मशीन एक्सपीची सीडी मागत असे. तालुक्याच्या सायबर कॅफेत ती सीडी कोणाकडे असणार?

म्हणून सगळ्यांनी एक पळवाट काढली. इंग्रजी फॉन्टमध्ये अक्षरांसाठी साधारण दोनशे घरं असतात. त्या घरांतली इंग्रजी चित्रं काढून तिथे देवनागरीची चित्रं ठेवायची. `e`च्या घरात 'म', `k`च्या घरात काना. कॉम्प्युटरला वाटतं आपण इंग्रजी दाखवतोय. 'श्री-लिपी', 'शिवाजी', 'सी-डॅक'चा 'योगेश' आणि 'सुरेख', 'कृती देव' हे सगळे याच जातीचे. अडचण एवढीच की प्रत्येकाने घरं आपापल्या मनाने वाटली. एका फॉन्टमधलं पान दुसऱ्यात उघडलं की पुन्हा खिचडी. म्हणून जुन्या मराठी साइटवर 'आधी फॉन्ट डाउनलोड करा' अशी ओळ असायची.

कृती देवने घरं वाटली ती रेमिंग्टन पद्धतीच्या हिंदी टाइपरायटरप्रमाणे. टंकलेखनाच्या क्लासला बोटांना लागलेली सवय कॉम्प्युटरवर मोडू नये, हा त्यामागचा व्यवहार. त्याचा परिणाम असा, की या फाइलमध्ये शब्द साठवलेला नाही, बोटांचा क्रम साठवलेला आहे. वेलांटी कागदावर अक्षराच्या डावीकडे असते, म्हणून ती आधी. रफार अक्षर पूर्ण झाल्यावर त्याच्या डोक्यावर बसतो, म्हणून तो शेवटी. 'भ' हे एक अक्षर नाहीच, अर्धा भ (`H`) आणि त्याला दांडी (`k`), असे दोन ठोके आहेत. वाचनीय मजकूर परत मिळवायचा म्हणजे टंकलेखकाच्या बोटांकडून भाषेकडे परत यायचं.

या कामासाठी तयार कन्व्हर्टर मिळतात. एखादा परिच्छेद पेस्ट करायचा असेल तर ते पुरेसे आहेत. पण पानं स्क्रेप करताना मजकूर कन्व्हर्टरपर्यंत पोचायच्या आधीच मोडतो, आणि तो मोडलेला कळतही नाही. माझा बहुतेक वेळ इथेच गेला, म्हणून याबद्दल थोडं सविस्तर.

वेबॅक मशीनवरून पान घेताना ते मूळ पानात आपली पट्टी आणि दुवे घालून देतं. ते नको असेल तर पत्त्यातल्या तारखेच्या आकड्यानंतर `id_` जोडायचं, म्हणजे जसेच्या तसे मूळ बाइट मिळतात. आता हे बाइट अक्षरांत कसे वाचायचे? त्या काळातल्या पुष्कळ पानांवर एन्कोडिंग लिहिलेलंच नसतं. अशा वेळी पायथनची `requests` लायब्ररी `ISO-8859-1` धरून चालते. ब्राउझर मात्र त्याच नावाखाली गुपचूप `windows-1252` वापरतात. दोघांत फरक फक्त बत्तीस घरांचा आहे, ८० ते ९F या घरांचा. इंग्रजी मजकुरात तिथे वळणदार अवतरणचिन्हं वगैरे असतात, म्हणून कोणाला फारसं जाणवत नाही.

कृती देवमध्ये त्या घरांत देवनागरी आकडे आहेत. १ म्हणजे `ƒ`, २ म्हणजे `„`, ३ म्हणजे `…`, असं करत ९ म्हणजे `‹`. फक्त शून्य दूर, `å`च्या घरात. आता २००३ हे साल घ्या. फाइलमध्ये ते `„åå…` असं आहे. `ISO-8859-1` धरून वाचलं, तर २ आणि ३ यांच्या जागी न दिसणारी नियंत्रण-चिन्हं येतात आणि उरतात दोन शून्यं. त्यात ३ची गंमत निराळीच. त्याच्या जागी जे चिन्ह येतं त्याला पायथन ओळ संपल्याची खूण मानतो. `splitlines()` चालवलं की जिथे जिथे ३ होता तिथे बातमी तुटते. पानावर नुसतीच शून्यं दिसत असतील आणि ओळी वाक्याच्या मध्येच फुटत असतील, तर रोग हाच. उपाय एका ओळीचा:

```python
html = r.content.decode('cp1252', errors='replace')
```

`errors` लिहिणं गरजेचं आहे, कारण `cp1252`मध्ये पाच घरं रिकामी आहेत आणि तिथला बाइट आला की पायथन थांबतो. `replace`मुळे तो त्या जागी � असं चिन्ह ठेवून पुढे जातो. ते चिन्ह नंतर शोधून डोळ्यांनी पाहता येतं.

दुसरी गोष्ट फॉन्टच्या टॅगची. ही पानं अशी असायची:

```html
<font face="Kruti Dev 010">fjBn ¼okrkZgj½</font>
<font face="Arial">Rithad</font>
```

स्क्रेपिंग शिकताना आपल्याला पहिल्यांदा `get_text()` शिकवतात. सगळे टॅग काढा, शुद्ध मजकूर घ्या. इथे तसं केलं की कोणता तुकडा मराठी आणि कोणता खरोखरच इंग्रजी, ही एकमेव खूण जाते. मग कन्व्हर्टर `Rithad`लाही कृती देव समजतो आणि 'त्पजींक' असं उत्तर देतो. फोन नंबराआधीचं `Tel` 'ज्मस' होतं. म्हणून प्रत्येक तुकडा त्याच्या `face`सकट उचलायचा आणि कृती देवचेच तुकडे बदलायचे. टॅगमध्ये फॉन्टचं नाव नसेल तर मजकुरात `vkgs` शोधायचं. म्हणजे 'आहे'. चार वाक्यांचं मराठी 'आहे'शिवाय क्वचितच लिहिलं जातं, आणि इंग्रजीत हा शब्द नाही. ते सापडत नसेल तर फॉन्ट बहुधा दुसरा आहे आणि तक्ताही दुसरा लागणार.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची. मजकूर गोळा करणाऱ्या तयार पाइपलाइन आधी 'सफाई' करतात. सगळं लहान लिपीत आणतात, युनिकोडचं `NFKC` नावाचं सारखेकरण करतात. इंग्रजीला याने काही होत नाही. कृती देवमध्ये मोठं `H` म्हणजे अर्धा भ आणि लहान `h` म्हणजे दीर्घ वेलांटी. लहान लिपी केली की 'भाऊ'तला भ संपला. कंस तर आणखी मजेशीर जागी आहेत. डावा कंस पाव अपूर्णांकाच्या घरात, `¼`, आणि उजवा अर्ध्याच्या घरात, `½`. `NFKC` करताना पावचे '1⁄4' असे सुटे तुकडे होतात, आणि काकांच्या प्रत्येक बातमीच्या डोक्यावर 'रिठद 1⁄4वार्ताहर1⁄2' असं उमटतं. म्हणून सफाई आधी नाही, नंतर.

ढ आणि झ यांनाही सांभाळावं लागतं. ढ आहे `<`च्या घरात आणि झ `>`च्या. 'वाढला' म्हणजे `ok<yk`. पानाच्या सोर्समध्ये ते `ok&lt;yk` असं सुरक्षित लिहिलेलं असतं. पण एचटीएमएल उलगडण्याआधीच कोणी `&lt;`चं `<` करून टाकलं, तर पार्सरला वाटतं की `yk` नावाचा टॅग सुरू झाला. मग पुढचा `>` येईपर्यंतचा सगळा मजकूर तो गिळतो. तो `>` एखाद्या टॅगचा असेल, नाहीतर 'माझा'मधल्या झचा. पाऊस किती वाढला ते त्या बातमीतून कधीच कळत नाही. आधी पार्स करायचं, `&lt;` उलगडायचं काम पार्सरलाच करू द्यायचं, आणि तेही एकदाच.

एवढं सगळं सांभाळून हातात आलेली ओळ म्हणजे `fjBn ¼okrkZgj½`. आता खरं रूपांतर.

पहिल्यांदा तक्त्याप्रमाणे चिन्हं बदलायची, पण लांब जुळण्या आधी. `Hk` म्हणजे भ, हे `H` आणि `k` यांच्या आधी पाहायचं. `vk` म्हणजे आ, हे `v`च्या आधी. उलट क्रमाने गेलात तर 'आहे'च्या जागी अ आणि सुटा काना येतो. दिसतो 'आ'सारखाच, पण शोधताना सापडत नाही. या फेरीत `f` आणि `Z` यांना हात लावायचा नाही, कारण त्यांची जागा चुकीची आहे. फेरी संपल्यावर आपली ओळ अशी दिसते: `fरठद (वाताZहर)`.

आता वेलांटी. `f`ला उचलून पुढच्या अक्षरानंतर ठेवायचं. रिठदपुरतं हे सोपं आहे, पण 'स्थिती' घ्या. टंकलेखक लिहितो `fLFkrh`, तक्त्यानंतर होतं `fस्थती`. वेलांटी फक्त एक अक्षर पुढे सरकवली तर ती 'स्'वर बसते आणि थला काहीच उरत नाही. तिला अख्खं जोडाक्षर ओलांडावं लागतं. रफार याच्या उलट, मागे जातो. 'वार्ताहर'मध्ये `Z` काना झाल्यावर आलाय. त्याला आधी काना आणि मग त ओलांडून, तच्या आधी 'र्' होऊन बसायचंय.

```python
s = re.sub(r'f((?:[क-ह]्)*[क-ह])', r'\1ि', s)
s = re.sub(r'((?:[क-ह]्)*[क-ह][ा-ौं]*)Z', r'र्\1', s)
```

या दोन ओळी कोणत्याही क्रमाने चालवल्या, तरी ज्या अक्षरावर वेलांटी आणि रफार दोन्ही आहेत तिथेही दोन्ही जागेवर बसतात. निघतं ते 'रिठद (वार्ताहर)'.

सगळं नीट झालं का हे दीडशे पानं वाचून बघायची गरज नसते. मराठीत पाय मोडल्यावर लगेच काना-मात्रा येत नाही, अनुस्वार किंवा मात्रा लागोपाठ दोनदा येत नाही आणि कुठलाही शब्द मात्रेने सुरू होत नाही. या तीनच गोष्टी शोधल्या की मोडकी ठिकाणं वर येतात. फोनवर ती तुम्हाला ठिपक्यांच्या वर्तुळात अडकलेल्या वेलांटीसारखी दिसली असतील. माझ्या पानांत अशा बऱ्याच जागा एकाच कारणाच्या निघाल्या: टंकलेखकाने अनुस्वार किंवा मात्रा दोनदा दाबलेली. फॉन्टमध्ये दुसरा अनुस्वार पहिल्यावरच पडतो, त्यामुळे कागदावर एकच दिसतो. फाइलमध्ये मात्र दोन असतात. चुकीचं छापलं गेलंच नाही, मग दुरुस्त कोण करणार?

आणि मग आली 'शेतक-यांना' ही गोष्ट. हा शब्द तुम्ही नक्की पाहिलाय. शेतक-यांना, कर्मचा-यांना, पाय-या. मी शाळेत असताना मला वाटायचं की ही काहीतरी जुनी लिहिण्याची रीत असेल. रीत वगैरे काही नाही. मराठीत 'ऱ्य'साठी रचा एक आडवा, पापणीसारखा आकार लागतो. हिंदीला तो लागत नाही, म्हणून हिंदीसाठी मांडलेल्या कळफलकावर तो बोटाखाली येत नाही. आमच्या टंकलेखकाने तिथे सरळ आडवी रेघ ठोकली. कृती देवमध्ये रेघ `&`च्या घरात, म्हणून फाइलमध्ये `'ksrd&;kauk`. छापल्यावर दिसायला हुबेहूब. पण रूपांतर केलं की ती खरीच रेघ होते, आणि मग अशी रेघ घेऊन हे शब्द युनिकोडच्या जगात फिरत राहतात. वऱ्हाडातल्या वार्ताहराच्या बातम्यांत सगळ्यात जास्त येणारा शब्द 'शेतकरी', आणि त्याची निम्मी रूपं अशी मधोमध मोडलेली. 'शेतकऱ्यांना' शोधलं तर एक बातमी मिळत नव्हती.

रेघेनंतर य आला की रेघेच्या जागी 'ऱ्' घाला, असा नियम लगेच सुचतो. तो चालवला तर 'वाशिम-यवतमाळ'चं 'वाशिमऱ्यवतमाळ' होतं. मग अट घातली की यला काना किंवा मात्रा हवी. यवतमाळ वाचलं, पण 'मतदार-यादी'ची 'मतदारऱ्यादी' झाली. पापणीचा र हा मूळच्या रच्या जागी येतो, त्याच्या आधी पुन्हा र सहसा नसतो. म्हणून आणखी एक अट: रेघेच्या आधी र नको. मतदार-यादीही वाचली.

यापुढे नियम संपतात. 'गाव-यादी' आणि 'गव-या' या दोन शब्दांत रेघेच्या आधी व आहे आणि नंतर या. पहिल्यात रेघ खरी आहे. दुसऱ्यात ती पापणी आहे, कारण शब्द 'गवऱ्या' आहे, चुलीत जळणाऱ्या. अक्षरं पाहून हा फरक कळणार नाही, शब्द माहीत असावा लागतो. मी उरलेल्या जागांची यादी काढून काकूसमोर ठेवली. ती चष्मा लावून एकेक वाचत गेली आणि मी बोट दाबत गेलो. साठेक जागा होत्या, तासाभरात झाल्या.

शब्दकोशावर ताडून हे आपोआप करता येतं, पण गावांची आणि माणसांची नावं कोशात नसतात आणि काकांच्या बातम्यांत निम्मी तीच आहेत. म्हणून प्रत्येक ओळीसाठी मी तीन रकाने ठेवलेत: मूळ बाइट, फॉन्टचं नाव आणि रूपांतर केलेला मजकूर. उद्या एखादं नाव चुकीचं वाचलं गेलंय असं गावातल्या कोणी सांगितलं तर मूळ ठोके तसेच आहेत, तक्ता बदलून पुन्हा चालवता येईल. शीर्षकं मात्र गेली. ती मजकूर म्हणून नव्हतीच, सजवलेल्या अक्षरांची चित्रं होती, आणि त्या चित्रांच्या फाइली वेबॅक मशीनने उतरवून घेतलेल्या नाहीत. दीडशे पानांवर बातम्या आहेत आणि त्यांच्या डोक्यावर लाल फुलीचे रिकामे चौकोन.